तिघींच्या भाड्याच्या फ्लॅटमधून एकटीने निघताना भाडं, वीजबिल, डिपॉझिट कागदावर कसं मिटवायचं?

शिंपला (१२ जून, रात्री ९.४०)

पुण्यात कर्वेनगरला आम्ही तिघी मिळून टू बीएचके घेऊन राहतो. भाडं २४,०००, म्हणजे प्रत्येकी ८,०००. डिपॉझिट ६०,०००. ॲग्रीमेंट १ नोव्हेंबरपासून अकरा महिन्यांचं, रजिस्टर्ड आहे आणि त्यात तिघींचीही नावं आहेत. मला नाशिकला नोकरी मिळाली म्हणून मी २० मे रोजी मालकांना आणि दोघी मैत्रिणींना (त्यांना क आणि स म्हणते) महिन्याची नोटीस दिली. २० जूनला सामान घेऊन निघते आहे. माझ्या जागी येणारी मुलगी सापडली आहे, पण ती येणार १ जुलैला.

तीन गोष्टी अडल्या आहेत.

जूनचं पूर्ण भाडं मी ५ तारखेलाच दिलं. माझी नोटीस २० जूनला संपते. मग उरलेल्या दहा दिवसांचे २,६६७ मला परत मिळायला हवेत का?

विजेचं रीडिंग दर महिन्याच्या ८ तारखेच्या सुमारास होतं. म्हणजे ८ जून ते २० जूनचं बिल मी गेल्यावर जुलैत येणार. ते आत्ता कसं मिटवायचं?

आणि मुख्य म्हणजे डिपॉझिट. मालकांना ६०,००० एकरकमी क च्या खात्यातून गेले होते. मी आणि स ने तिला प्रत्येकी २०,००० यूपीआयने पाठवले होते. मालक म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा, मी सगळ्या निघाल्यावर एकदमच देईन." क म्हणते, नवी मुलगी तुला २०,००० देईल, विषय संपला. मला हे सगळं लिहून हवं आहे. दोघी माझ्या जिवाभावाच्या आहेत. पण माझ्या मोठ्या बहिणीची तिच्या रूममेटशी असलेली सात वर्षांची मैत्री अशाच तोंडी हिशेबावरून तुटली. ताईच्या लग्नालाही ती मैत्रीण आली नाही. मला तसं होऊ द्यायचं नाही. कुणी असा कागद केला आहे का? त्यात काय लिहिलं होतं?

खमंग (१२ जून, रात्री १०.०५)

२०,००० हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नकोस. एवढंच.

डोंगरवाट (१२ जून, रात्री १०.३१)

सोपं आहे. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर सगळं लिहा, तिघींच्या सह्या घ्या आणि नोटरी करून टाका. पूर्वी १०० चा चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो बंद झाला. नोटरी झाली की कोर्टातही चालतं, नवं ॲग्रीमेंट वगैरे काही लागत नाही. मी हिंजवडीला असताना तीन रूममेट बदलले, प्रत्येक वेळी असंच केलं.

संत्रानगरी (१२ जून, रात्री ११.१२)

मी मालक आहे, नागपूरला दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, म्हणून मालकाची बाजू सांगतो. तुमचे मालक एकटीचं डिपॉझिट परत देत नाहीत यात त्यांची लबाडी आहे असं लगेच धरू नका. त्यांच्या लेखी भाडेकरू तीन नाहीत, एकच आहे, तिघींचा मिळून. भाडं २४,०००, डिपॉझिट ६०,०००. त्यातले २०,००० त्यांनी आज दिले तर उरलेल्या दोघींच्या वेळी काही मोडतोड निघाली की त्यांच्या हाती ४०,०००च उरतात. नव्या मुलीकडून घेऊन ते तुम्हाला द्यायचे तर दोनदा व्यवहार. बहुतेक मालक हा त्रास घेत नाहीत.

मात्र मी स्वतः एक गोष्ट करतो. कुणी बदललं की तिघांना एकत्र बसवून मेसेज लिहायला लावतो: अमुक गेला, तमुक आला, त्याचा डिपॉझिटचा हिस्सा आता याच्या नावावर. मी खाली 'मान्य' लिहितो. त्यात माझं काही जात नाही. तुमच्या मालकांकडे असं मागा, पैसे मागू नका.

राईनकाठ (१३ जून, पहाटे २.२०)

मी जर्मनीत आहे, बॉनला. इथे मी एका मुलीच्या घरात तिची पोटभाडेकरू होते. मुख्य करार तिचा, माझा करार फक्त तिच्याशी. घर सोडताना हस्तांतराचा कागद भरतात, त्यात प्रत्येक खोलीची अवस्था, किल्ल्या किती आणि वीज, गॅस, पाणी या मीटरांचे आकडे लिहून दोघांच्या सह्या. डिपॉझिट कायद्यानेच तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. पण ते हातात यायला महिने गेले, कारण हीटिंग आणि पाण्याचा वार्षिक हिशेब यायचा होता आणि तिने त्यासाठी थोडी रक्कम अडकवून ठेवली होती. तुझ्या मालकानेही असंच काही अडकवलं असेल तर त्याला वार्षिक हिशेब माग.

शिंपला (१३ जून, सकाळी ८.१५)

@राईनकाठ, धन्यवाद. इथे तसा वार्षिक हिशेब नसतो, पाणी सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतं आणि ते मालक भरतात. पण मीटरचे आकडे कागदावर लिहिण्याची कल्पना फार आवडली.

@संत्रानगरी, हे पटलं. मी उगाच त्यांच्यावर चिडले होते.

काळाकोट (१३ जून, सकाळी ११.५०)

मी वकील आहे, पुण्यातच. डोंगरवाट यांचं अर्धं बरोबर आहे, अर्ध्यामुळे लोक अडचणीत येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे दोन वेगळी नाती आहेत. एक तुम्ही तिघी आणि मालक यांच्यातलं, दुसरं तुम्ही तिघींचं आपसातलं. मालकाबरोबरचा लीव्ह अँड लायसन्स महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास शिक्षाही त्यालाच आहे. तिथे नोटरी काही कामाची नाही. नोटरी म्हणजे सही अमक्यानेच केली याची साक्ष, ती नोंदणीची जागा घेत नाही. नव्या मुलीला राहण्याचा हक्क द्यायचा तर तिचं नाव नोंदणीकृत करारातच यायला हवं.

आपसातला हिशेब मात्र साध्या कागदावर चालतो. पुढे काय करायचं याची वचनं त्यात घातलीत की तो करार होतो, आणि मग मुद्रांकाचा प्रश्न येतो. म्हणून मी अशिलांना सांगतो, शक्य तितकं सगळं निघण्याच्या दिवशीच देऊन-घेऊन टाका आणि कागदात 'इतके मिळाले, इतके दिले' असंच लिहा. ती पावती झाली. ५,००० च्या वरची रक्कम रोख घेत असाल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करा.

आता कुणी बोललं नाही तो धोका. शिंपला, तुम्ही २० जूनला घराबाहेर पडाल, करारातून नाही. तिथे ३० सप्टेंबरपर्यंत तुमचं नाव राहणार. ऑगस्टमध्ये कुणी भाडं थकवलं तर कागदावर तुम्हीही देणेकरी दिसता. म्हणून मालकाकडून एक ओळ हवीच: २० जूनपासून यांच्याकडे माझं काही येणं नाही आणि पुढच्या भाड्याची जबाबदारी यांच्यावर नाही. सही नाही दिली तर मेसेज, तोही नाही तर ईमेलला उत्तर. नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका, ते चॅट पूर्ण एक्सपोर्ट करून ठेवा आणि फोन बदललात तरी मूळ चॅट जाऊ देऊ नका.

डोंगरवाट (१३ जून, दुपारी १२.२०)

नोंदणीचं मान्य. पण उरलेल्या तीन महिन्यांसाठी नवं ॲग्रीमेंट कोण करतं हो? प्रत्यक्षात कुणीच करत नाही.

काळाकोट (१३ जून, दुपारी १२.४५)

करत नाहीत हे खरं. खर्च फार असतो म्हणून नाही, कंटाळा म्हणून. याच भाड्यात नवा अकरा महिन्यांचा करार केला तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के मानलेल्या व्याजावर मिळून ०.२५ टक्के. भाडं २,६४,०००, व्याज ५,५००, म्हणजे शुल्क साधारण ६७४. नोंदणी फी शहरात १,०००. एजंट त्याचे वेगळे घेतो. तिघींत वाटलं तर प्रत्येकीला एका जेवणाचा खर्च. सप्टेंबरमध्ये नाहीतरी करायचाच आहे, तो आत्ताच नव्या नावाने केला की शिंपलाचं नाव आपोआप सुटतं. मी तरी हाच मार्ग सुचवेन.

खमंग (१३ जून, दुपारी १.१०)

कुठलं जेवण जेवता हो तुम्ही वकील लोक! आमच्या मेसमध्ये एवढ्यात आठवडा निघतो.

ओसरी (१३ जून, दुपारी ३.०५)

माझं पण असंच चाललंय, इथेच विचारते. मी एका मुलीच्या फ्लॅटमध्ये वर्षभर राहिले, माझं नाव ॲग्रीमेंटमध्ये नव्हतंच. तिला महिन्याला ६,५०० द्यायचे आणि सुरुवातीला १५,००० डिपॉझिट. आता मी सोडल्यावर ती म्हणते मालकाने दिले की देते. मालकाला तर मी राहत होते हेही माहीत नव्हतं. पोलिसात जाऊ का?

काळाकोट (१३ जून, दुपारी ४.३०)

ओसरी, पोलीस बहुधा सांगतील की हा दिवाणी वाद आहे. तुमचे पैसे त्या मुलीकडे आहेत, मालकाकडे नाहीत. त्यामुळे 'मालकाने दिले की देते' याला तुमच्यापुरता अर्थ नाही, तसं तुम्ही कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. यूपीआयचे वर्षभराचे व्यवहार आणि मेसेज आहेत ना? पहिला १५,००० चा व्यवहार शोधा, त्याच्या आसपास डिपॉझिट हा शब्द कुठल्या मेसेजमध्ये आला आहे ते बघा. आता एक नवा मेसेज शांतपणे लिहा: 'तुझ्याकडे माझे १५,००० डिपॉझिट आहे, मी अमुक तारखेला घर सोडलं, तू कधी देशील?' ती 'पुढच्या महिन्यात देते' म्हणाली तरी पैसे तिच्याकडे असल्याची कबुली झाली. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका. मालकाला न विचारता तुम्हाला ठेवून घेतल्याने तिचा स्वतःचा करार अडचणीत येऊ शकतो, हे ती जाणून असेल. त्यावरून धमकावू मात्र नका.

तारतंत्री (१३ जून, रात्री ८.४०)

मी महावितरणमध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त. विजेच्या भागावर लिहितो, कारण भांडणं डिपॉझिटवरून होतात पण त्यांची सुरुवात बिलावरून होते.

शिंपला, तू २० तारखेला निघण्याआधी मीटरचा फोटो काढ. फोटोत दोन आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत: केडब्ल्यूएच रीडिंग आणि मीटरचा नंबर. तुमच्या बिल्डिंगमध्ये मीटर खाली एका खोलीत ओळीने असतील, त्यावर फ्लॅट नंबर खडूने किंवा मार्करने लिहिलेला असतो आणि तो कधीकधी चुकलेला असतो. लोक शेजारच्याचा फोटो काढून घेऊन जातात. म्हणून बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळव. डिजिटल मीटरचा डिस्प्ले फिरत राहतो, तारीख, वेळ, व्होल्टेज असं काहीबाही दाखवतो. ज्या आकड्याबरोबर केडब्ल्यूएच उमटतं तोच आपला. शेवटच्या बिलावरच्या 'चालू रीडिंग'पेक्षा तो थोडा जास्त असला की समजायचं बरोबर मीटर सापडला.

आता हिशेब. समजा ८ जूनचं रीडिंग ६,४१२ आणि तू निघताना ६,४९६. म्हणजे तुझ्या काळात ८४ युनिट तिघींत जळली. ही ८४ कुठल्या दराने धरायची, इथे वाद होतो. आपल्याकडे दर टप्प्याने चढतो, पहिल्या १०० युनिटना स्वस्त, १०१ ते ३०० ला बराच महाग. जाणारा म्हणतो, माझी ८४ युनिट शंभराच्या आतली, मला स्वस्त दर लावा. राहणारे म्हणतात, मग महाग टप्पा सगळा आमच्या डोक्यावर का? दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. टप्पा पूर्ण महिन्याच्या वापरावर ठरतो, आधी कुणी वापरलं यावर नाही. म्हणून पुढचं बिल आलं की त्याची एकूण रक्कम, स्थिर आकार आणि वीज शुल्कासकट, एकूण युनिटनी भागायची. येईल तो सरासरी दर तुझ्या ८४ ला लावायचा आणि तिघींत वाटायचा.

एक अडचण राहते. बिल 'सरासरी'चं आलं, म्हणजे रीडिंग घेणाऱ्याला मीटर दिसला नाही म्हणून मागच्या वापरावरून अंदाजे टाकलं, तर हा भागाकार चुकेल. तेव्हा थांबायचं, पुढच्या बिलात खरं रीडिंग आलं की दुरुस्त होतं. तुझ्याकडे २० तारखेचा फोटो असेल तर काही बिघडत नाही.

शिंपला (१३ जून, रात्री ९.२०)

काका, खूप खूप आभार. आमचे मीटर खरंच खाली अंधाऱ्या खोलीत आहेत आणि मी आजवर एकदाही ती खोली उघडून पाहिलेली नाही.

तारतंत्री (१३ जून, रात्री ९.३५)

टॉर्च घेऊन जा, आणि कशालाही हात लावू नकोस. अजून एक. वर्षातून एकदा, बहुतेक उन्हाळ्याच्या सुमारास, महावितरण नेहमीच्या बिलाखेरीज वेगळं बिल पाठवतं, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं त्यावर लिहिलेलं असतं. वापर वाढला की ठेवीची रक्कमही वाढवून मागतात. भाडेकरू ते वीजबिल समजून भरून टाकतात. ती ठेव ज्याच्या नावावर मीटर त्याची, म्हणजे मालकाची. तिच्यावरचं व्याजही त्याच जोडणीच्या बिलात जमा होतं. असं काही तुमच्यापैकी कुणी भरलं असेल तर ते मालकाकडे मागा, आपसात वाटू नका.

संत्रानगरी (१३ जून, रात्री १०.००)

हे बरोबर. माझ्या एका भाडेकरूने असे दोन हजार भरले होते. मला कळलं तेव्हा मी पुढच्या भाड्यात वळते केले. पण त्याने सांगितलं म्हणून कळलं.

माजघर (१४ जून, सकाळी ७.३०)

दहा दिवसांच्या भाड्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत शिंपलाच्या विरुद्ध आहे. मालकाला पूर्ण महिन्याचं भाडं द्यावंच लागतं, खोली दहा दिवस रिकामी राहणार आणि त्याचा फायदा क आणि स ला काहीच नाही. निघायचं तू ठरवलंस, म्हणून ते दहा दिवस तुझे.

ओसरी (१४ जून, सकाळी ९.१०)

पण तिने महिन्याची नोटीस दिली आहे ना! नोटीस कशासाठी असते मग? त्या महिन्यात दोघींनी माणूस शोधायचा. सापडला नाही तर तो त्यांचा भार.

माजघर (१४ जून, सकाळी ९.४०)

करारात नोटिशीचं कलम मालक आणि तिघी यांच्यामधलं आहे. संत्रानगरी यांनीच वर सांगितलं ना, मालकाच्या दृष्टीने तिघी मिळून एक. एकटीने दिलेली नोटीस क आणि स वर कशी बांधील होईल?

काळाकोट (१४ जून, सकाळी ११.००)

यावर मी ठाम उत्तर देऊ शकत नाही. आपसात लिहिलेलं काही नसेल तर तिघी कशा वागत आल्या त्यावरून ठरेल. आधी कुणी बदललं होतं का, तेव्हा काय केलं, हे बघावं लागेल. कायद्यापेक्षा हा एकमेकींशी बोलून सोडवण्याचा प्रश्न आहे. नवी मुलगी सामान लवकर आणू शकते का, हे विचारलंत का?

शिंपला (१४ जून, दुपारी १.१५)

नाही विचारलं! आज विचारते.

काळाकोट, तुम्ही म्हणता तसा कागद कसा लिहू, दोन ओळींत सांगाल का? मला कायदेशीर भाषा येत नाही.

काळाकोट (१४ जून, संध्याकाळी ६.२०)

कायदेशीर भाषा नकोच. चारही जणींना वाचून कळेल असं लिहा. नमुना देतो, आकडे तुमचे भरा:

"आज २० जून रोजी मी (शिंपला) हे घर सोडत आहे. माझ्या जागी (नवी) राहायला येत आहे. घर घेताना मी डिपॉझिटचा माझा हिस्सा २०,००० रुपये क कडे दिले होते आणि ते तिने मालकांना दिले. आज नवीने मला २०,००० रुपये यूपीआयने दिले, ते मला मिळाले. त्यामुळे मालकांकडे असलेल्या ६०,००० मधला माझा हिस्सा आजपासून नवीचा आहे, माझा त्यावर हक्क नाही. जूनपर्यंतचं माझं भाडं दिलेलं आहे. ८ जूनपर्यंतच्या वीजबिलातला माझा वाटा दिलेला आहे. आज मीटरचं रीडिंग अमुक आहे, फोटो जोडला आहे. ८ ते २० जूनच्या विजेसाठी मी क कडे ४०० रुपये ठेवले आहेत, बिल आल्यावर सरासरी दराने हिशेब करून कमी-जास्त ती देईल-घेईल. किल्ल्या दोन, नवीला दिल्या. याखेरीज आमचं एकमेकींकडे काही येणं-देणं नाही."

खाली चौघींच्या सह्या, तारीख, आणि प्रत्येकीकडे एक प्रत. यूपीआयचा व्यवहार क्रमांक पेनाने लिहा. 'नवीचा आहे' ही ओळ सोडू नका. ती नसेल तर उद्या नवीकडे तुम्हाला दिलेल्या पैशाची पावती असेल, पण मालकाकडच्या पैशावर तिचं काय आहे ते कुठेच दिसणार नाही. हा कागद तिच्यासाठी तुमच्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि मग याचा फोटो मालकांना पाठवून संत्रानगरी म्हणाले तसं 'मान्य' मागा, माझी वरची ओळ जोडून.

टपालपेटी (१४ जून, रात्री ९.००)

फ्रिज, वॉशिंग मशीन, सिलेंडर, वायफाय यांचं काय? आमच्याकडे डिपॉझिट पाच मिनिटांत मिटलं आणि कुकरवरून दोन तास गेले. कुकर एकीचा, शिटी दुसरीने आणलेली, गॅस्केट तिसरीचं. शेवटी कुकर सगळ्यांनी मिळून कामाला येणाऱ्या मावशींना दिला आणि त्या फार खूश झाल्या.

आणि एचआरए लावत असशील तर निघण्याआधी मालकांकडून तुझ्या हिश्शाच्या भाड्याच्या पावत्या घे. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन लागतो. तुझं ८,००० च्या हिशेबाने ९६,०००च होतं, पण पैसे क च्या खात्यातून जात असतील तर पावती हवीच.

शिंपला (१६ जुलै, रात्री १०.१०)

महिना झाला, सांगायला आले.

नवीला विचारलं तर ती म्हणाली, तिचं हॉस्टेल २५ जूनलाच सोडायचं आहे, लवकर यायला आवडेल. मग २५ ते ३० असे सहा दिवसांचे १,६०० तिने मला दिले आणि मधले चार दिवस मी सोडले. क आणि स शी यावर एक शब्दही वाढला नाही. माजघर आणि ओसरी, तुम्ही दोघीही मनात होतात.

२० तारखेला चौघी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि काळाकोटांचा नमुना हाताने चार वेळा लिहिला. लिहिताना स म्हणाली, फ्रिजमध्ये माझे ३,००० आहेत, तुझेही आहेत, ते राहिलं. नवीने माझ्या हिश्शाचे २,००० दिले, जुना झाला म्हणून. तेही लिहिलं. माझ्याकडून कपाटाची बिजागरी तुटली होती, सुताराचे ६०० मी दिले. क ने माझ्याकडे बघून विचारलं, "एवढं लिहायचं म्हणजे तुला आमच्यावर विश्वास नाही का?" मी तिला ताईची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. मग तिनेच चौथी प्रत लिहिली.

तारतंत्री काका, मीटरवर फ्लॅट नंबर चुकीचाच लिहिलेला होता! आमच्या नंबराखाली वरच्या मजल्याचा मीटर होता. बिलावरच्या क्रमांकावरून आमचा शोधला. रीडिंग मात्र तुम्ही उदाहरणात घेतलं होतं तेवढंच निघालं, ८४ युनिट. जुलैचं बिल १८६ युनिटचं, २,०४६ रुपये आलं. युनिटला ११ रुपये पडले, ८४ चे ९२४, माझा वाटा ३०८. दिवसांवर वाटलं असतं तर २७३ झाले असते. क ने ९२ रुपये परत पाठवले आणि सोबत भागाकाराचा फोटो.

तारतंत्री (१६ जुलै, रात्री १०.२५)

शाब्बास पोरी. मीटरचे नंबर चुकलेत हे सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलंस का? वरच्या मजल्यावरचे तुमचं रीडिंग आपलं समजत असतील.

शिंपला (१६ जुलै, रात्री १०.४०)

स ने सांगितलं आहे. त्यांनी नवे स्टिकर लावायचं कबूल केलंय.

काळाकोट (१७ जुलै, सकाळी १०.१५)

मालकांचं काय झालं? नवा करार?

शिंपला (१७ जुलै, दुपारी १.३०)

नवा करार नाही झाला. सप्टेंबरमध्येच करू म्हणाले. सही द्यायलाही नको म्हणाले. पण मी तुमची ओळ आणि कागदाचा फोटो पाठवला त्यावर त्यांचं उत्तर आलं: "ठीक आहे, तुमचा हिशोब पूर्ण, पुढे या तिघी बघतील." ते चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं आहे. एवढं पुरेल का?

काळाकोट (१७ जुलै, संध्याकाळी ५.००)

नवा करार होईपर्यंत नाव राहणार ते राहणारच, पण हे उत्तर चांगलं आहे. 'या तिघी' म्हणजे नवीलाही त्यांनी मान्य केलं. तिची पोलीस पडताळणीची माहिती ऑनलाइन भरली का तेवढं त्यांना विचारा.

शिंपला (१७ जुलै, रात्री ८.१०)

ती नवीने स्वतः मागे लागून भरून घेतली.

एक गोष्ट मात्र मिटली नाही. सप्टेंबरअखेर मालक रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. नवी म्हणते, भिंती आठ महिने तुझ्या काळात मळल्या, माझे तर तीनच महिने, तू माझ्याकडे २,००० ठेव. मी नाही ठेवले. करारात रंगकामाचं कलमच नाही, आणि ते किती कापतील हे आत्ता कुणाला माहीत? आम्ही २० तारखेला सगळ्या भिंतींचा व्हिडिओ मात्र काढला.

संत्रानगरी (१७ जुलै, रात्री ९.००)

करारात नसेल तर नेहमीच्या वापराने मळलेल्या भिंतीचे पैसे मालकाने मागू नयेत, हे मी मालक असून म्हणतो. खिळे ठोकले, भिंतीवर तेलाचे डाग पाडले, तर गोष्ट वेगळी. पण मागतात हेही खरं. त्या मुलीची काळजी मला चुकीची वाटत नाही.

माजघर (१७ जुलै, रात्री ९.२५)

मलाही नवीचं पटतं. कापले तर आठास तीन असं वाटून घ्या.

ओसरी (१७ जुलै, रात्री ९.५०)

पण कागदात 'येणं-देणं नाही' लिहिलंय ना!

(माझं अपडेट: काळाकोट म्हणाले तसा मेसेज टाकला. तिने 'दोन हप्त्यांत देते' असं लिहिलं, पहिले ७,५०० आले. दुसऱ्याची वाट बघते आहे.)

शिंपला (१८ जुलै, सकाळी ८.००)

ओसरी, बरं वाटलं वाचून. उरलेलेही येवोत.

हो, लिहिलंय. पण नवीने ते लिहिलं तेव्हा तिला रंगकामाचं माहीत नव्हतं, मला माहीत होतं का हे ती विचारते, आणि मला खरंच नव्हतं. मी तिला म्हटलंय, मालकांनी कापायचं ठरवलं तर आधी आपण दोघी मिळून त्यांच्याशी बोलू, व्हिडिओ दाखवू. त्यासाठी मी नाशिकहून येईन.

आणि तारतंत्री काका, काल क चा फोन आला होता. महावितरणचं एक वेगळं बिल आलंय, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं, आणि ती भरायलाच बसली होती. मी तिला तुमचा वरचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने ते बिल मालकांना पाठवलंय. त्यांनी पाहिलंय, अजून उत्तर दिलेलं नाही.